आजची उघडीप परवाला किती ठाऊक असते: प्रकल्प नोंदी

४ मे

विषय पक्का झाला: पाऊस आणि उघडीप, या दोनच अवस्थांची मार्कोव्ह साखळी. विषय पुस्तकातून नव्हे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या काकांच्या कुळागरातून, म्हणजे सुपारीच्या बागायतीतून आला. सुपारीला कोळेरोग लागू नये म्हणून पावसाच्या तोंडावर मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची एक फवारणी करतात आणि साधारण ४० ते ४५ दिवसांनी दुसरी. पहिली मे महिन्याच्या कोरड्यात उरकते. दुसरी मात्र ऐन जुलैत येते. पोफळीवर चढणारा माणूस आयत्या वेळी मिळत नाही, त्याला आधी सांगून ठेवावे लागते. काकांचा प्रश्न सरळ आहे: "आज उघडीप पडलीय, तर परवाच्या भरवशावर माणूस बोलावू का?"

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी प्रश्न गणितात बसवला. आज उघडीप आहे हे कळल्यामुळे परवाच्या अंदाजात फरक पडतो का, आणि असाच फरक किती दिवसांनंतर नावापुरता उरतो? म्हणजे साखळी आपली सुरुवात किती वेगाने विसरते.

काकांनी पर्जन्यमापक यंदा बसवला आहे, त्यामुळे वही जूनपासून भरेल. तोवर गणित आणि तपासणीची पद्धत तयार ठेवायची.

७ मे

गृहीतक एकच आहे, पण जड आहे: उद्याचे हवामान फक्त आजच्यावर अवलंबून असते, कालचे किंवा परवाचे काय होते याने काही बदलत नाही. मग दोन संख्या पुरतात. आज उघडीप असताना उद्या पाऊस पडण्याची संभाव्यता `a`, आणि आज पाऊस असताना उद्या उघडीप पडण्याची संभाव्यता `b`. पहिली ओळ उघडिपीची, दुसरी पावसाची:

```
P = | 1-a    a  |
    |  b    1-b |
```

`P` म्हणजे एका दिवसाचे संक्रमण. दोन दिवसांचे `P²`, आणि `n` दिवसांचे `Pⁿ`.

काकांची वही येईपर्यंत हात चालवायला खरे आकडे हवे होते, ते तेल अवीवचे घेतले. गॅब्रिएल आणि न्यूमन यांनी १९६२ साली तिथल्या २७ हिवाळ्यांतल्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या नोंदींवर हीच साखळी बसवली होती. १,३९९ कोरड्या दिवसांपैकी ३५० दिवसांच्या दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, आणि १,०३८ पावसाळी दिवसांपैकी ६८७ दिवसांच्या दुसऱ्या दिवशीही पाऊसच होता. म्हणजे `a` = ०.२५० आणि `b` = १ − ०.६६२ = ०.३३८. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, आपला नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा. तेव्हा हे आकडे गोव्याला लावायचे नाहीत, पद्धत तेवढी घ्यायची.

या आकड्यांतली एक गोष्ट फार आवडली. कोरड्यातून पावसात जाणे ३५० वेळा घडले, तर पावसातून कोरड्यात जाणे ३५१ वेळा. हा निव्वळ योगायोग नाही. पावसात शिरलात की पुन्हा शिरण्याआधी बाहेर पडावेच लागते, म्हणून एका सलग मोसमात दोन्ही मोजण्यांत एकाहून जास्त फरक पडू शकत नाही. काकांची वही मोजताना हीच पहिली तपासणी. फरक मोठा आला तर नोंदी कुठेतरी तुटल्या आहेत असे समजायचे.

१० मे

`P²` हाताने काढला. आज पाऊस असताना परवा पाऊस दोन वाटांनी येतो: पाऊस-पाऊस-पाऊस, किंवा पाऊस-उघडीप-पाऊस.

```
0.662 × 0.662 + 0.338 × 0.250 = 0.438 + 0.085 = 0.523
```

असाच गुणाकार करत `P³`, `P⁴` काढता येतात, पण त्यातून आकडे मिळतात, कारण मिळत नाही. ओळी एकमेकींच्या जवळ येताना दिसतात, पण कोणत्या वेगाने ते दिसत नाही. तिथे आयगेन मूल्ये लागतात, म्हणजे अशा संख्या, की एखाद्या सदिशाला `P` ने गुणले तर तोच सदिश तेवढ्या पटीने परत येतो.

दोन अवस्थांत ती शोधायला वर्गसमीकरणही सोडवावे लागत नाही. प्रत्येक ओळीची बेरीज १ असल्यामुळे (१, १) या सदिशाला `P` ने गुणले की तोच सदिश परत येतो, म्हणून एक आयगेन मूल्य १ हे ठरलेलेच. मुख्य कर्णावरच्या घटकांची बेरीज 2 − a − b आहे आणि ती दोन्ही आयगेन मूल्यांच्या बेरजेइतकी असते. मग दुसरे आपोआप हाती येते:

```
λ = 1 - a - b
```

त्याचा सदिश (a, −b). पडताळा: पहिल्या ओळीतून a(1−a) − ab, म्हणजे a(1−a−b). दुसऱ्या ओळीतून ab − b(1−b), म्हणजे −b(1−a−b). जुळले.

तेल अवीवसाठी λ = १ − ०.२५० − ०.३३८ = ०.४१२.

११ मे

काल रात्री λ कडे पुन्हा पाहिले आणि तो आणखी दोन ठिकाणी सापडला. `P` चा निश्चयक (1−a)(1−b) − ab, सोडवला की 1−a−b च. आणि पावसाच्या स्तंभात दोन ओळींमधला फरक, (1−b) − a, हाही तोच.

हा दुसरा अर्थ या प्रकल्पाचा गाभा आहे. स्तंभातला फरक म्हणजे 'आज पाऊस आहे' आणि 'आज उघडीप आहे' या दोन माहित्यांनी उद्याच्या अंदाजात पडणारी तफावत. तेल अवीवला ०.६६२ आणि ०.२५० यांच्यात ०.४१२ ची तफावत आहे. `Pⁿ` मध्येही ओळींमधला फरक हाच त्याचा निश्चयक असतो, कारण `Pⁿ` च्या ओळींचीही बेरीज १ असते. आणि गुणाकाराचा निश्चयक निश्चयकांच्या गुणाकाराइतका. म्हणून `n` दिवसांनंतरची तफावत अचूक λⁿ. इथे 'जवळजवळ' नाही, 'शेवटी शेवटी' नाही. पहिल्या दिवसापासून, दर दिवशी, तफावत λ पटीने उरते.

दोनपेक्षा जास्त अवस्था असतील तर इतके स्वच्छ चित्र मिळत नाही. तिथे अनेक आयगेन मूल्ये एकत्र काम करतात आणि सुरुवातीचे काही दिवस गोंधळाचे जातात. दोन अवस्थांत विसरण्याला एकच रस्ता असतो.

१३ मे

आता पूर्ण सूत्र. `P` चे दोन तुकडे पडतात:

```
P  = Π + λQ

Π = 1/(a+b) × | b   a |      Q = 1/(a+b) × |  a  -a |
              | b   a |                    | -b   b |
```

Π ला स्वतःने गुणले तर Π च येतो, Q ला स्वतःने गुणले तर Q, आणि Π व Q चा गुणाकार शून्य. त्यामुळे घात घेताना मिश्र पदे सगळी गळून जातात आणि उरते:

```
Pⁿ = Π + λⁿ Q
```

Π च्या दोन्ही ओळी सारख्या, म्हणजे सुरुवात कुठून झाली याची त्याला पर्वा नाही. हेच स्थिर वितरण: पावसाचा वाटा a/(a+b), उघडिपीचा b/(a+b). सुरुवातीची सगळी आठवण Q मध्ये आहे आणि तिच्यापुढे λⁿ उभा आहे.

तेल अवीवला स्थिर वाटा ०.२५० ÷ ०.५८८ = ०.४२५. सूत्रात घालून पाऊस पडण्याची संभाव्यता:

| दिवस पुढे | आज पाऊस असेल तर | आज उघडीप असेल तर | तफावत |
|---|---|---|---|
| १ | ०.६६२ | ०.२५० | ०.४१२ |
| २ | ०.५२३ | ०.३५३ | ०.१७० |
| ३ | ०.४६५ | ०.३९५ | ०.०७० |
| ४ | ०.४४२ | ०.४१३ | ०.०२९ |
| ५ | ०.४३२ | ०.४२० | ०.०१२ |

१० तारखेला हाताने काढलेला ०.५२३ दुसऱ्या ओळीत जसाच्या तसा आहे.

चौथ्या दिवशीच तफावत तीन शतांशांवर येते, आणि सहाव्या दिवशी अर्ध्या शतांशाच्याही खाली जाते. म्हणजे तिथे आज पाऊस आहे की नाही हे ठाऊक असण्याचा उपयोग तीनेक दिवसांपुरता. पुढचा अंदाज करायचा तर 'डिसेंबर ते फेब्रुवारीत साधारण ४२-४३ टक्के दिवस पावसाचे' एवढेच सांगायचे आणि गप्प बसायचे.

इथे एक बारकावा आहे. दिवस निश्चित होत नाही, अंदाज निश्चित होतो. ०.४२५ वर पोचले म्हणजे पाऊस स्थिरावला असे नव्हे. रोजचा नाणेफेकीसारखा खेळ चालूच असतो, फक्त पहिल्या दिवसाचा त्यावरचा हक्क संपलेला असतो.

१६ मे

संगणकावर पडताळा.

```python
import numpy as np
P = np.array([[0.750, 0.250],
              [0.338, 0.662]])
print(np.linalg.matrix_power(P, 5))
w, v = np.linalg.eig(P.T)
i = np.argmax(w.real)
print(v[:, i] / v[:, i].sum())
```

पाचवा घात वरच्या तक्त्याशी जुळतो. `P.T` का, हे लिहून ठेवते. `eig(P)` उजवे सदिश देते, आणि १ चा उजवा सदिश दोन सारख्या घटकांचा असतो. त्याला बेरजेने भागले की ०.५ आणि ०.५ येतात. उत्तर संभाव्यतेसारखेच दिसते, म्हणून शंका येत नाही. स्थिर वितरण हवे तर डावा सदिश लागतो, म्हणजे ओळी-स्तंभ पालटून. पडताळा सोपा आहे: आलेल्या वितरणाला `P` ने गुणायचे, तेच परत यायला हवे. ०.५, ०.५ गुणले तर ०.५४४, ०.४५६ येतात.

२० मे

मॅडमनी विचारले, "λ ऋण असला तर?" a + b एकापेक्षा मोठे असेल तर तसे होते. पावसात हे क्वचितच घडेल, पण याचे उदाहरण खुद्द मार्कोव्हनेच देऊन ठेवले आहे.

१९१३ साली त्याने पुश्किनच्या पद्यकादंबरीतली २०,००० अक्षरे घेऊन स्वर आणि व्यंजने मोजली. स्वर ८,६३८ निघाले. स्वरानंतर लगेच स्वर येण्याची संभाव्यता ०.१२८, व्यंजनानंतर स्वर येण्याची ०.६६३. म्हणजे λ = ०.१२८ − ०.६६३ = −०.५३५. पाऊस पावसाला धरून राहतो. स्वर मात्र स्वराला दूर लोटतो.

सूत्र तेच, पण तफावत आता चिन्ह बदलत लहान होते. आता स्वर असेल तर एका अक्षरानंतर स्वर असण्याची संभाव्यता ०.१२८, दोन अक्षरांनंतर ०.५९५, तीननंतर ०.३४५, चारनंतर ०.४७८. दर वेळी स्थिर वाट्याच्या एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला उडी, आणि उडी निम्म्याहून थोडी मोठी राहत जाते. स्थिर वाटा ०.६६३ ÷ १.५३५ = ०.४३२, आणि ८,६३८ ला २०,००० ने भागले तरी ०.४३२ च. मोजणी आणि सूत्र इतके चोख जुळलेले पाहून बरे वाटले.

विसरण्याचा वेग λ च्या निरपेक्ष मूल्यावर ठरतो, चिन्हावर नाही. −०.५३५ ची साखळी ०.४१२ पेक्षा हळू विसरते. टोके तीन आहेत. λ = ० असेल तर एका पावलात सगळे विसरले, `P²` आणि `P` एकच. λ = १ म्हणजे जिथे सुरुवात तिथेच कायम. λ = −१ म्हणजे एक दिवस हे, एक दिवस ते, असे अखंड, आणि सुरुवात कधीच विसरली जात नाही.

२४ मे

काकांना तेल अवीवचा तक्ता दाखवला. त्यांनी अंगण झाडता झाडता एकच वाक्य टाकले: "परवा कोरडे असून काय करू, उद्या धो धो पडला तर?"

हे खरे आहे, आणि `Pⁿ` या प्रश्नाचे उत्तर देतच नाही. आज उघडीप असताना परवा उघडीप असण्याची संभाव्यता तक्त्यावरून १ − ०.३५३ = ०.६४७. पण त्यात 'उद्या पाऊस, परवा पुन्हा उघडीप' हीही वाट मोजलेली आहे, ०.२५० × ०.३३८ = ०.०८५. फवारणीला ती वाट निरुपयोगी. मिश्रण सुकून बसायच्या आधी पावसाने धुतले तर माणसाची मजुरी आणि मोरचूद दोन्ही पाण्यात. उद्या आणि परवा, दोन्ही दिवस कोरडे, याची संभाव्यता ०.७५ × ०.७५ = ०.५६३.

दिवस वाढले की दोन प्रश्न आणखी दूर जातात. पाचव्या दिवशी उघडीप असण्याची संभाव्यता ०.५८०. पाचही दिवस सलग उघडीप असण्याची ०.७५ चा पाचवा घात, ०.२३७. पहिली संख्या स्थिर वाट्याशी जाऊन थांबते, दुसरी शून्याकडे जात राहते. तेव्हा अहवालात दोन वेगळे तक्ते: 'त्या दिवशी कसे असेल' यासाठी λ, आणि 'तोवर सलग कसे असेल' यासाठी 1−a.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते जी काकांना पटली नाही. या साखळीत दहा दिवस उघडीप असली तरी उद्या पाऊस पडण्याची शक्यता तेवढीच, ०.२५०. किती दिवस झाले याची साखळीला गणती नसते. काका म्हणाले, जुलैत दहा दिवस ऊन पडले म्हणजे काहीतरी वेगळे चालले आहे, आणि ते लांबतेच. त्यांचे म्हणणे खोडून काढायची घाई करत नाही. मोसमी पावसात जोराचे आणि खंडाचे टप्पे असतात, आणि एका टप्प्यात अडकलेले दिवस कालच्या दिवसापेक्षा जास्त काही सांगत असतील.

३० मे

काकांच्या त्या शंकेने आठवडा खाल्ला, पण प्रकल्पातली सर्वात कामाची गोष्ट तिच्यातूनच निघाली.

मुद्दाम बनवलेले आकडे घेतले (गोव्याचे नव्हेत, कुठलेच नव्हेत). समजा मोसमाचे दोन समान भाग आहेत. पहिल्या भागात दर दिवशी पावसाची संभाव्यता ०.९, दुसऱ्यात ०.३. प्रत्येक भागात दिवस एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र, म्हणजे कालच्या दिवसाला आजच्याशी काही देणेघेणे नाही. दोन्ही भागांत λ शून्य आहे. आता हे कोणाला ठाऊक नाही आणि सगळा मोसम एकत्र मोजला, तर?

लागोपाठ दोन दिवस पाऊस पडण्याची संभाव्यता पहिल्या भागात ०.८१, दुसऱ्यात ०.०९, सरासरी ०.४५. एकूण पावसाचा वाटा ०.६०. म्हणून पावसानंतर पाऊस ०.४५ ÷ ०.६० = ०.७५०. उघडिपीनंतर पाऊस (०.६० − ०.४५) ÷ ०.४० = ०.३७५. λ = ०.३७५.

जिथे स्मृती नाहीच, तिथे मोजणीने जवळजवळ तेल अवीवइतकी स्मृती दाखवली. कारण साधे आहे: आज पाऊस आहे यावरून आपण बहुधा पहिल्या भागात आहोत एवढे कळते, आणि त्यामुळे उद्याचा अंदाज वर जातो. दिवस दिवसाला काही सांगत नाही, दोन्ही दिवस ऋतूकडून एकच निरोप घेऊन येतात.

सप्टेंबरातली ओसरती सर आणि जुलैची झड एका पिशवीत भरली तर हेच होणार.

२ जून

मग खऱ्या आणि खोट्या λ ला ओळखायचे कसे? एका दिवसाच्या मोजणीतून ओळखता येत नाही, दोन्हीकडे आकडा तोच येतो. दोन दिवसांच्या मोजणीत मात्र फरक उघडा पडतो.

पद्धत अशी. `P` एका दिवसाच्या जोड्यांवरून काढायचा. त्यानंतर `P²` गुणाकाराने न काढता वहीतून थेट मोजायचा: आज काय आणि परवा काय, मधला दिवस न बघता. त्याच्या ओळींमधला फरक λ² शी ताडून पाहायचा.

३० तारखेच्या बनावट मोसमात गुणाकाराने काढलेली दोन दिवसांची तफावत ०.३७५ × ०.३७५ = ०.१४१. पण थेट मोजली तर ती ०.३७५ च येते, कारण मधे एक दिवस सोडला तरी आपण त्याच भागात असतो (भाग बदलतो तो एक सांधा सोडला तर). तीन दिवसांनी ०.३७५, दहा दिवसांनीही ०.३७५. साखळीच्या हिशेबाने दहाव्या दिवशी ती लाखात पाच-सहा इतकी उरायला हवी होती. खरी साखळी विसरत जाते; ऋतूंची भेसळ विसरत नाही.

संगणकावर दोन्ही प्रकारचे लांब मोसम तयार करून पाहिले. साखळीच्या मोसमात थेट मोजलेल्या तफावती λ, λ², λ³ अशा उतरत गेल्या. भेसळीच्या मोसमात रेघ आडवीच राहिली. मॅडम म्हणाल्या, खऱ्या वहीत बहुधा दोहोंच्या मधले चित्र येईल: सुरुवातीला उतार आणि मग एका उंचीवर अडकलेली शेपटी. शेपटीची उंची म्हणजे भेसळ, तिच्या वरचा उतार म्हणजे खरी रोजची स्मृती. महिने वेगळे करून मोजल्यावर शेपटी खाली बसली तर दोष ऋतूचा. जुलै एकटा घेऊनही ती राहिली तर काका म्हणतात तसे खंडाचे टप्पे आहेत, आणि मग 'काल आणि आज' अशा जोड्यांच्या चार अवस्था घ्याव्या लागतील.

९ जून

वही सुरू झाली. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस, तीच रेघ ठेवली. मापक सकाळी साडेआठला वाचायचा, म्हणजे आलेला आकडा आधीच्या चोवीस तासांचा. काकांना फवारणीसाठी एक मिलिमीटरही नको असतो, म्हणून मिलिमीटर जसेच्या तसे लिहायला सांगितले. रेघ नंतर कुठेही ओढता येईल.

आता आकड्यांच्या भरवशाचा प्रश्न. λ दोन मोजलेल्या प्रमाणांचा फरक आहे, म्हणून त्याच्या प्रमाण त्रुटीचा वर्ग म्हणजे दोन्ही प्रमाणांच्या त्रुटींच्या वर्गांची बेरीज. तेल अवीवला २,४३७ दिवस होते, त्यामुळे ०.४१२ च्या आजूबाजूला त्रुटी ०.०१९ इतकीच. आमचा एक मोसम जून ते सप्टेंबर १२२ दिवसांचा. तेल अवीवसारख्याच संभाव्यता असल्या आणि कोरडे-ओले दिवस निम्मे निम्मे मिळाले तरी त्रुटी ०.०८ च्या घरात जाते.

पण निम्मे निम्मे मिळणार नाहीत. जुलैत सत्तरीत उघडीप विरळच, आणि आपल्याला नेमकी उघडिपीची ओळ हवी आहे. एका जुलैत सहा कोरडे दिवस मिळाले असे धरले आणि `a` खरोखर ०.५ असला, तर सहा दिवसांवरून काढलेल्या `a` ची त्रुटी ०.२० येते. ती ०.०५ वर आणायला सोळापट दिवस लागतील, म्हणजे सोळा जुलै. शेजारच्या वाड्यावरही मापक बसवून दिवस दुप्पट करावेत असे मनात आले होते, पण दोन्ही मापकांवर एकच ढग पडतो. ते दिवस वेगळे मोजता येणार नाहीत.

त्यामुळे ठरले ते असे. काकांच्या वहीतून यंदा λ जाहीर करायचा नाही. पणजीच्या आल्तिन्यावरच्या हवामान केंद्राकडे जुन्या वर्षांच्या दैनंदिन नोंदींसाठी अर्ज करायचा, जुलै वेगळा काढायचा आणि एक, दोन, तीन, पाच दिवसांच्या तफावती थेट मोजायच्या. पणजी किनाऱ्याला आहे आणि सत्तरी सह्याद्रीच्या पायथ्याशी, जिथे पाऊस जास्त पडतो. `a` आणि `b` दोन्ही ठिकाणी वेगळे असणार, म्हणून पणजीचा स्थिर वाटा काकांना लावायचा नाही. λ सत्तरीलाही चालतो का, हे मात्र काकांच्या १२२ दिवसांवर निदान ढोबळपणे ताडून पाहता येईल. अर्जाचा मसुदा उद्या मॅडमना दाखवायचा आहे.